व्ह्यूचे पैसे भरायचे की क्लिकचे? पेरणीआधीच्या जाहिरातीची तयारी

दराचा विचार करण्याआधी जाहिरातीचा मजकूर कागदावर लिहून काढा. समजा, औसा तालुक्यातल्या एका शेतकरी गटाला मे महिन्याच्या शेवटच्या पंधरवड्यात फेसबुकवरून एवढंच सांगायचंय: घरचं सोयाबीन पेरणार असाल तर 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, आठवडाभराने मोजा, 70 किंवा त्याहून जास्त उगवले तर बियाणं पेरायला चालेल. आता लिहिलेलं पुन्हा वाचा आणि स्वतःला विचारा, हे वाचून शेतकऱ्याने कुठे बोट लावायची गरज उरते का? उरत नाही. निरोप चित्रातच पुरा होतो. तो वाचून माणूस थेट कोठीत जाऊन पोतं उघडत असेल, तर क्लिक न होणं हेच जाहिरातीचं यश आहे.

तरीही गटात कुणीतरी म्हणतंच, "क्लिकवर पैसे भरू, म्हणजे नुसतं बघणारे फुकटात पडतील." ऐकायला गोड आहे, पण इथेच गणित मांडून ठेवा. जाहिरातीची जागा लिलावात जाते, आणि हजार वेळा दाखवल्यावर तुमच्याकडून किती मिळेल याचा अंदाज बांधूनच यंत्रणा तुम्हाला जागा देते. समजा क्लिकला 4 रुपये द्यायची तयारी आहे आणि हजारात 3 जण क्लिक करतात. म्हणजे हजार व्ह्यूमागे तुमच्याकडून 12 रुपये. शेजारचा ट्रॅक्टरवाला त्याच हजारासाठी 25 देत असेल, तर जागा त्याला जाते. तुमचं बजेट खर्चच होत नाही आणि मृग तोंडावर येतो. 25 ला 4 ने भागलं की 6.25 येतात, म्हणजे हजारात सहा-सात क्लिक येत नसतील तर क्लिकच्या दराने तुम्ही मागेच राहणार. यातले रुपये उदाहरणाचे आहेत. 300-400 रुपये घालून तीन दिवस चालवा आणि स्वतःचे आकडे या हिशोबात बसवा.

पैसे कशाचे मोजायचे यापेक्षा यंत्रणेला काय शोधायला सांगितलं हे जास्त नडतं. व्ह्यूचे पैसे भरूनही उद्दिष्ट क्लिकचं ठेवलं, तर ती जाहिरात दिसेल त्यावर बोट लावायची सवय असलेल्यांनाच दाखवत राहते. ते सोयाबीनवालेच असतील असं नाही. म्हणून उद्दिष्ट `Awareness` ठेवून त्यात रीच, म्हणजे जास्तीत जास्त माणसांपर्यंत पोचणं, निवडा आणि एका माणसाला सात दिवसांत दोनदाच दिसेल अशी मर्यादा लावा.

पैशाचा हिशोब आता सोपा आहे. समजा गटाने 5900 रुपये काढलेत. त्यातले 900 जीएसटीचे बाजूला ठेवा, हातात 5000 उरतात. निवडलेल्या भागात 40000 माणसं दिसत असतील आणि प्रत्येकाला दोन आठवड्यांत चारदा दाखवायचं असेल तर 160000 व्ह्यू लागतात. हजाराला 25 प्रमाणे 4000 रुपये. सगळे 40000 हाताला लागतीलच असं नाही, म्हणून चालू असताना `Frequency`, म्हणजे एका माणसाला जाहिरात सरासरी कितीदा दिसली, ते बघत रहा. आकडा चारच्या जवळ आला पण माणसं निम्मीच झाली असतील, तर नवीन लोकांपर्यंत जाहिरात पोचत नाहीये. गावांचा घेर वाढवा.

घेर लावताना एक गोची लक्षात असू द्या. फोनचं लोकेशन बंद असलं की ठिकाणाचा अंदाज मोबाईल नेटवर्कवरून बांधला जातो, आणि औशाचा फोन भलत्याच शहरात दिसू शकतो. म्हणून मजकुरात तालुक्याचं नाव आणि बोली आपली ठेवा. बाहेरचा माणूस आपोआप पुढे सरकतो. क्लिकचे पैसे भरताना तो फुकट पडतो, व्ह्यूच्या दरात त्याचेही पैसे जातात. क्लिकच्या बाजूने एवढं मात्र खरं आहे.

उरलेले 1000 क्लिकवर लावायला हरकत नाही, पण निरोप वेगळा हवा: "उगवण कमी आली? गटाकडे बियाणं आहे, नाव नोंदवा." इथे माणसाने काहीतरी करायचं आहे. ही दुसरी जाहिरात पहिलीनंतर आठवड्याने सुरू करा, कारण तोवर गोणपाट उघडलेलं नसतं. 4 रुपयांप्रमाणे 250 क्लिक येतील. रोज संध्याकाळी `Link clicks` आणि `Landing page views`, म्हणजे क्लिकनंतर नाव नोंदवायचं पान खरंच कितीदा उघडलं, हे आकडे शेजारी ठेवून बघा. दुसरा आकडा निम्म्याखाली असेल तर एकतर अंगठा चुकून लागतोय, नाहीतर गावातल्या रेंजवर तुमचं पान उघडायला फार वेळ लागतोय. स्वतः शिवारात उभं राहून, वायफाय बंद करून ते पान उघडून बघा. जड वाटलं तर पान काढून थेट फोन लावायचं बटण द्या.

पहिल्या जाहिरातीचा परिणाम मात्र पडद्यावर शोधू नका. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर वही ठेवा आणि बियाणं घ्यायला येणाऱ्याला विचारा, "दाणे मोजले का? किती उगवले?" हे विचारणं जाहिरात सुरू व्हायच्या आठवडाभर आधीपासून सुरू करा. नाहीतर मागाहून तुलना कशाशी करणार?