की-वेच्या कोपऱ्यातील तडा आणि स्प्लाइनचा पर्याय

40 मिमी व्यासाच्या शाफ्टवर 400 न्यूटन-मीटर टॉर्क असेल, तर शाफ्ट आणि त्यावरील चाक यांच्यामधल्या खाचेत बसवलेल्या एकट्या कीच्या बाजूवर सुमारे 20 किलोन्यूटन बल येते. स्प्लाइनमध्ये शाफ्टवरच दात कापलेले असतात; आठ दातांच्या स्प्लाइनवर ते बल विभागले जाते. मात्र कटाईतील फरकामुळे सर्व दात सारखे टेकत नाहीत, म्हणून निम्मेच दात भार घेतात असे धरून प्रत्येकी सुमारे 5 किलोन्यूटन मोजणे मला योग्य वाटते. एकाच दिशेच्या स्थिर भाराला की पुरेशी आहे. शाफ्ट वारंवार उलटसुलट फिरत असेल, तर सैल की खाचेत हलू लागते, तिच्याभोवती तांबूस भुकटी दिसते आणि की-वेच्या, म्हणजे या खाचेच्या, तळाच्या टोकदार कोपऱ्यातून थकव्याचा तडा सुरू होऊ शकतो. अशा ठिकाणी स्प्लाइन घ्यावी. की ठेवावीच लागली, तर तळाच्या कोपऱ्यांना गोलाई द्यावी आणि की-वेचे टोक शाफ्टचा व्यास बदलतो त्या पायरीपासून दूर ठेवावे.