ग्रुपमधली घाण काढणाऱ्या अॅडमिनला थँक्यू कसं म्हणायचं

आमच्या गावच्या कापूस-सोयाबीनवाल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मागं रात्री दहा वाजता 'पीएम किसान' नावाची एक फाईल आली, नावाच्या शेवटी .apk होतं, म्हणजे उघडली की मोबाईलमधे अॅप टाकणारी फाईल. एका काकांनी लगेच अॅडमिन भाऊला फोन लावला अन् भाऊनं वीस मिनिटात ती सगळ्यांसाठी डिलीट केली. सकाळी उठून पाहतो तर लाईनीनं थँक्यू अन् हात जोडलेले, पण ती फाईल काय होती हे कोणीच लिहिलं नाही अन् दोघाजणांच्या मोबाईलमधे ती डाऊनलोड होऊन तशीच पडलेली. ग्रुपमधून डिलीट केली म्हणजे आपल्या मोबाईलमधूनही गेली असं होत नाही ना बाप्पा.

तेव्हापासून मी थँक्यू लिहितो तर आधी काय काढलं ते लिहितो, पण ती लिंक किंवा स्क्रीनशॉट परत टाकत नाही. ज्याच्या नंबरवरून आलं त्याचं नावही घेत नाही, कारण बहुतेक वेळा त्याचाच मोबाईल हॅक झालेला असतो किंवा त्यानं भोळेपणानं फॉरवर्ड केलेलं असतं. मग ज्यानं आधी कळवलं त्याचा उल्लेख करतो, त्याला वेगळं विचारून, कारण गावात कोण कोणाचा सोयरा निघंल सांगता येत नाही. दुसऱ्या माणसाला पुढच्या वेळी कळवायची हिंमत येते ती इथूनच, नुसत्या अॅडमिनच्या कौतुकानं नाही येत. त्या दिवशी मी शेवटी हे टाकलं:

"भाऊ, रात्री ती पीएम किसानची खोटी फाईल लगेच काढली, लय बरं केलं. काकांनी फोन करून सांगितलं म्हणून लवकर कळलं, काका तुमचेही आभार. कोणी डाऊनलोड केली असंल तर उघडू नका, डिलीट करा. इन्स्टॉल झाली असंल तर नेट बंद करून अॅप काढा, बँकेला सांगा, पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाईनला फोन लावा. असं काही दिसलं तर पुढं पाठवू नका, अॅडमिनला पर्सनलवर सांगा."

याच्याखाली बाकीच्यांनी थँक्यू टाईप करू नये, मेसेज दाबून धरून अंगठा द्यावा, नाहीतर कामाची गोष्ट वर सरकून जाते.

शिवीगाळीची पोस्ट काढली असंल तर शिवी काय होती अन् चूक कोणाची हे अजिबात लिहू नका, भांडण परत पेटते. "वैयक्तिक शिव्या ग्रुपवर नको हे ठरलं होतं, भाऊनं ते पाळलं" एवढंच बस.

अन् "काढलं नसतं तर भाऊ तुमच्यावर केस झाली असती" असं कौतुकात लिहू नका, अॅडमिन घाबरतो अन् ग्रुपच बंद करायला निघतो. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मधे सांगितलंय की मेंबरनं काही वाईट टाकलं अन् अॅडमिनचं त्याच्याशी संगनमत नसंल तर नुसता अॅडमिन आहे म्हणून तो गुन्हेगार ठरत नाही. आमच्या भाऊला हे मी ग्रुपवर नाही, चहाच्या टपरीवर सांगितलं.