साडेतीन शक्तिपीठांची गाडीवाट: सात दिवसांच्या जेवणाची तयारी

आमचा मार्ग असा: पुण्याहून कोल्हापूर, दुसऱ्या दिवशी मिरज-सांगोला करत पंढरपूर, तिसऱ्या दिवशी सोलापूरवरून तुळजापूर, मग लातूरमार्गे नांदेड, नांदेडहून माहूर, माहूरहून छत्रपती संभाजीनगर आणि सातव्या दिवशी वणी. गाडीत सहा जण: आई-बाबा, आम्ही दोघं आणि दोन मुलं. सात दिवसांचं सगळं घरून नेणं शक्य नाही आणि तीनही वेळा बाहेर खाणं पोटाला झेपत नाही. म्हणून वेळा वाटून घ्या. सकाळचा नाश्ता बाहेर, दुपारचं जेवण डब्यातलं, रात्री मुक्कामी गरम. बाहेरचं खायचं ते सकाळी, कारण तेव्हा पोह्यांची कढई नुकतीच उतरलेली असते आणि इडलीचं भांडं वाफेवर असतं. दुपारी दोनला त्याच हॉटेलातला भात आणि रस्सा सकाळपासून कोमट पडलेला असू शकतो, आणि आपल्याला ते ताटात बघून कळत नाही. शिजवून कोमट ठेवलेला भात तर वासाला चांगला असूनही बाधू शकतो.

डब्यातल्या जेवणाचे टिकण्याप्रमाणे गट करा. पहिल्या दुपारी दशम्या. पीठ नुसत्या दुधात, तेलाचं मोहन घालून भिजवा. माणशी तीन धरून अठरा-वीस पुरतात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत संपवा. दुसऱ्या आणि तिसऱ्या दुपारसाठी तिखटमिठाच्या पुऱ्या, माणशी सहा म्हणजे दोन दिवसांच्या बहात्तर. कणकेत थोडं बेसन, तिखट, हळद, ओवा, तीळ, मीठ आणि कडकडीत मोहन. कोथिंबीर, कांदा, मेथी काही नको, ओल तिथूनच शिरते. पुऱ्या मंद आचेवर, फुगून पुन्हा जरा कडक होईपर्यंत तळा आणि सुती कापडावर पसरून पूर्ण गार होऊ द्या. इथे घाई नको. कोमट पुरी डब्यात गेली की झाकणाला आतून पाणी सुटतं, आणि दुसऱ्या दिवशी कडेला पांढरे ठिपके दिसतात. असा ठिपका एका पुरीवर दिसला तरी तो डबा सोडून द्यायचा, ती एक काढून बाकीच्या खायच्या नाहीत. म्हणूनच दोन दिवसांच्या पुऱ्या दोन वेगळ्या डब्यांत भरा, एकाच मोठ्या डब्यात रोज हात नको.

चौथ्या दिवसापासूनचं घरून नेऊ नका, ते सोलापुरात घ्या. कडक भाकरी हा या वाटेवरचा सगळ्यात भरवशाचा पदार्थ आहे. ज्वारीची किंवा बाजरीची पातळ भाकरी पार वाळेपर्यंत भाजलेली असते, पाणीच उरलेलं नसल्यामुळे ती आठवडेच्या आठवडे टिकते. घेताना एक मोडून बघा. पापडासारखा टचकन आवाज आला पाहिजे. वाकली किंवा चिवट लागली तर हवेतली ओल शिरलेली आहे. चार दुपारी, माणशी दीड, म्हणजे छत्तीस भाकऱ्या. सोबत अर्धा किलो शेंगाचटणी, पण आधी बोटावर चाखून. कुटलेल्या शेंगदाण्याचं तेल जुनं झालं असेल तर घशाशी खवट चव लागते, ती घेऊ नका. आईबाबांच्या दातांना कडक भाकरी जमत नाही, तेव्हा त्यांच्यासाठी ती वाटीत मोडून वरून गरम आमटी किंवा दूध घालायचं. थर्मासमध्ये सकाळीच गरम दूध भरून घेतलं तर दुपारी कामाला येतं, पण त्याच दुपारी संपवायचं, संध्याकाळपर्यंत ठेवायचं नाही. दही हवं असेल तर बंद कप, थंड कपाटातून काढून दिलेला, आणि लगेच खायचा.

घरून निघताना कोरडं सामान मात्र सात दिवसांचं: जवसाची किंवा कारळ्याची चटणी, मेतकूट, बेसनाचे आणि डिंकाचे लाडू. नारळाचे लाडू आणि ओलं खोबरं घातलेलं काहीही नको. भडंग जयसिंगपुरात मिळतो, दुसऱ्या दिवशी वाटेत घ्या. आणखी एक डबा सातूच्या पिठाचा. गूळ आणि पाणी किंवा दूध घालून कालवलं की जेवण तयार, चूल लागत नाही. माहूरच्या वाटेवर मुलांना एकदम भूक लागते आणि आसपास बरं काही नसतं, तेव्हा याच डब्याने भागतं. पिठात कोरडाच चमचा घालायचा, हे मुलांना आधीच बजावा.

मुक्कामाला रात्री उशीर झाला तर उपाय म्हणून उपम्याचं कोरडं मिश्रण न्या. बारीक रवा खमंग भाजून त्यात मोहरी, उडीदडाळ, सुक्या मिरचीची फोडणी आणि मीठ मिसळा. किटलीत उकळलेलं पाणी ओतून आठ-दहा मिनिटं झाकून ठेवलं की उपमा होतो, वरून लिंबू पिळा. फोडणीत कांदा आणि हिरवी मिरची घालू नका.

रात्रीचं गरम जेवण या वाटेवर देवस्थानांतच चांगलं मिळतं. नांदेडला गुरुद्वारातल्या लंगरमध्ये डाळ-रोटी सतत गरम होत असते आणि पंगती चालूच असतात, अन्न पडून राहत नाही. डोक्याला रुमाल मात्र सगळ्यांनी बरोबर ठेवा. कोल्हापुरात अन्नछत्र आहे, वणीच्या गडावर प्रसादालय आहे. वेळा निघण्याआधी फोन करून विचारून घ्या. लॉजवर जेवायचं असेल तर मुगाची खिचडी किंवा पिठलं-भाकरी सांगा, ते ऑर्डर दिल्यावर करतात. पनीरच्या भाज्यांचा रस्सा बहुधा आधीच तयार करून ठेवलेला असतो.

रस्त्यावर थांबाल तिथे तव्यावरून, कढईतून किंवा उकळीतून थेट ताटात आलं ते खा. डोसा घ्या, पण ओल्या खोबऱ्याची चटणी बाजूला ठेवा. सांबार वाफाळत असेल तरच घ्या. कोल्हापुरात मिसळीचा उकळता कट चालेल, वरचा चिरलेला कांदा नको. बर्फ घातलेला उसाचा रस, उघडं ताक, कापून ठेवलेली पपई-कलिंगड नकोत. केळी, संत्री, मोसंबी घ्या, आपण सोलून खातो ती.

आता गाडीतल्या जागेचं. डबे डिकीत नकोत. उन्हात उभ्या गाडीची डिकी तापते, आणि दर्शनाच्या रांगेत तीन तास गेले की लाडवांचं तूपसुद्धा सुटतं. पुढच्या सीटमागे, पायाशी, सुती पिशवीत ठेवा. वीस लिटरचा पाण्याचा जार आणि प्रत्येकाची बाटली. ही यादी दिवाळीनंतरच्या हवेची आहे. मे महिन्यात जात असाल तर दशम्या पहिल्या दुपारीच संपवा आणि पुऱ्या फक्त दुसऱ्या दिवसापुरत्या न्या. तिसऱ्या दुपारी पंढरपूरहून निघून सोलापूर गाठाल तेव्हा तिथेच गरम ज्वारीची भाकरी आणि भाजी सांगा.

कॅलेंडरही बघा. सात दिवसांत मंगळवार-शुक्रवार येणारच, एकादशीही येऊ शकते, म्हणून उपास करणाऱ्यांसाठी राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याचे लाडू आणि खजूर वेगळ्या डब्यात हवेत. साबुदाण्याची खिचडी करून नेऊ नका. बाबांसारखी मधुमेहाची गोळी चालू असेल आणि उपासही असेल, तर गोळीचं काय करायचं ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

औषधांच्या पिशवीत ओआरएसची दहा पाकिटं ठेवा. एक पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर फेकायचं. जुलाब लागले तर त्या दिवशी मऊ भात-मेतकूट आणि केळं, तेलकट पुरी-चटणी बंद. लघवी कमी झाली, मूल सुस्त पडलं किंवा शौचातून रक्त गेलं तर त्याच गावात दवाखाना गाठायचा, पुढचा मुक्काम नंतर ठरवायचा.