शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यावरचा भूमी उपयोजन बदल: क्षेत्रभेट अहवाल कसा करावा

या विषयावरचे बहुतेक अहवाल एकाच वाक्यावर संपतात: 'रस्त्यालगतची शेती जाऊन हॉटेले व प्लॉट आले आहेत.' वाक्य खोटे नसते, पण त्यासाठी गाडीतून उतरायचीही गरज नसते. किती शेती गेली, रस्त्यापासून किती आतपर्यंत गेली आणि कधी गेली, हे सांगायचे तर नमुना निवड नीट करावी लागते. इथे उदाहरणाला नाशिक–त्र्यंबकेश्वर रस्ता घेतो. सातपूरची औद्योगिक वसाहत मागे टाकली की बेळगाव ढगा, महिरावणी, अंजनेरी अशी गावे लागतात आणि शहर कुठे विरळ होत जाते ते पायी फिरूनही कळते.

आधी रस्ता आणि दोन वर्षे ठरवा

संपूर्ण रस्ता घेऊ नका. वसाहतीच्या हद्दीपासून पुढचे १२ किलोमीटर तिघाचौघांच्या गटाला पुरतात. मग तुलनेची दोन वर्षे निवडा. नाशिककडे यासाठी आयती खूण आहे: सिंहस्थ. २००३ आणि २०१५ साली कुंभमेळा झाला. तेव्हा गावकऱ्याला 'किती वर्षे झाली?' असे विचारू नका, 'हे हॉटेल मागच्या सिंहस्थाच्या आधीचं की नंतरचं?' असे विचारा. उत्तर बरेच नेमके मिळते.

जुन्या स्थितीसाठी Google Earth Pro मधली जुनी उपग्रह चित्रे वापरा. वर्ष पक्के करण्याआधी संपूर्ण पट्ट्याचे स्पष्ट चित्र मिळते का ते बघा. दोन्ही चित्रे एकाच हंगामातली हवीत, शक्यतो नोव्हेंबर ते जानेवारीतली. एक मे महिन्यातले आणि दुसरे डिसेंबरमधले घेतले, तर उन्हाळ्यात मोकळे पडलेले प्रत्येक शेत 'पडीक' म्हणून मोजले जाईल. जुने चित्र काही मीटर सरकलेलेही असू शकते. जुनी विहीर किंवा देवळाचा कोपरा दोन्ही चित्रांत एकाच अक्षांश-रेखांशावर येतो का, ते तपासा.

नमुना बिंदू

दर ५०० मीटरवर एक थांबा घ्या. सुरुवात मात्र शून्यापासून किंवा किलोमीटरच्या दगडापासून करायची नाही. ०, १०, २० अशा ४९० पर्यंतच्या चिठ्ठ्या करा आणि एक उचला. समजा १७० निघाली, तर पहिला थांबा १७० मीटरवर, दुसरा ६७० वर, आणि शेवटचा ११,६७० वर. एकूण २४ थांबे होतात. अहवालात ही 'यादृच्छिक प्रारंभाची पद्धतशीर नमुना निवड'. चिठ्ठी उचलली नाही, तर गट हमखास फाट्यापासून किंवा चहाच्या टपरीपासून सुरू करतो, आणि फाट्यावर दुकाने असणारच.

प्रत्येक थांब्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन बिंदू घ्या: रस्त्यापासून ३० मीटर, २०० मीटर आणि ५०० मीटर आत. म्हणजे २४ × ६ = १४४ बिंदू. हे नकाशावर घरीच टाकून, अक्षांश-रेखांश मोबाइलमध्ये भरूनच निघा. जागेवर गेल्यावर बिंदू बदलायचा नाही. भिंत आडवी आली तर दिसते तिथून नोंद करा आणि पुढे 'दुरून' असे लिहा. कोणाच्या शेतात शिरायचे तर विचारूनच शिरा.

प्रत्येक बिंदूवर वर्ग एकच नोंदवा: पिकाखालची शेती, बाग, पडीक, घर, व्यवसाय, संस्था, इतर. सगळ्यात जास्त भांडण 'पडीक'वरून होते. एक शेत यंदा नुसते विसावलेले असते, दुसरे प्लॉट पाडून विक्रीची वाट बघत असते, आणि लांबून दोन्ही सारखीच दिसतात. जवळ जाऊन बघा. नांगराच्या तासांच्या खुणा, जुने धसकट, शाबूत बांध दिसले तर ती शेती. बांध फुटलेले, रांगेत रोवलेले हद्दीचे दगड, सिमेंटचे खांब, मुरूम टाकलेली सरळ वाट आणि मधोमध वाढलेली घाणेरी दिसली, तर ती 'थांबलेली जमीन'. तिच्यासाठी स्वतंत्र वर्ग ठेवा. माझ्या मते या रस्त्यावरची सगळ्यात बोलकी जमीन हीच.

सातबारा

सगळ्या १४४ बिंदूंचे उतारे काढत बसू नका, वेळ पुरत नाही. रस्त्यालगतच्या ३० मीटरच्या ओळीतले १०–१२ बिंदू चिठ्ठीने निवडा, महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरून त्यांचे गट नंबर शोधा आणि उतारे बघा. गाव नमुना सातवर धारणा व हक्क असतात, बारावर पिकांची नोंद. जागेवर प्लॉट आणि उताऱ्यावर शेती, किंवा बिगरशेती झालेल्या जमिनीत अजून कांदा, असे दोन्ही प्रकार सापडू शकतात. ही तफावत अहवालात स्वतंत्र मांडा. मालकांची नावे मात्र अहवालात घालायची नाहीत.

आकडे मांडताना

समजा, जुन्या चित्रात शेती असलेल्या बिंदूंपैकी आता शेती नसलेले बिंदू असे निघाले (सोयीसाठी सगळे १४४ बिंदू आधी शेतीतच होते असे धरू): ३० मीटरवर ४८ पैकी ३०, २०० मीटरवर १५, ५०० मीटरवर ६. म्हणजे अनुक्रमे सुमारे ६३, ३१ आणि १३ टक्के. गाडीतून बघणारा ६३ टक्केच बघतो. सगळी बेरीज केली तर १४४ पैकी ५१, म्हणजे ३५ टक्के. हाही आकडा फसवा आहे, कारण तीन ओळी सारख्या रुंदीच्या पट्ट्यांसाठी नाहीत. पहिली ० ते १०० मीटरच्या पट्ट्याची प्रतिनिधी, दुसरी १०० ते ३५०, तिसरी ३५० ते ६५०. रुंदीचा भार दिला की गणित असे होते:

```
(62.5×100 + 31.25×250 + 12.5×300) ÷ 650 ≈ 27.4
```

म्हणजे ६५० मीटरच्या पट्ट्यात सुमारे २७ टक्के जमीन शेतीतून बाहेर गेली. हे आकडे फक्त उदाहरणापुरते. तुमचे वेगळे येतील. एक गोष्ट विसरू नका: १४४ बिंदू असले तरी एका थांब्यावरचे सहा बिंदू शेजारी-शेजारी असतात आणि एकमेकांसारखे वागतात. खरा नमुना २४ थांब्यांचाच आहे. म्हणून '२७.४ टक्के' असे न लिहिता 'साधारण चौथा हिस्सा' असे लिहिले तर जास्त प्रामाणिक.

अहवालाचा आराखडा

पहिल्या पानावर प्रश्न एका वाक्यात, मग अभ्यासक्षेत्राचा नकाशा, त्यावर थांबे टाकून. पद्धत दीड पानात लिहा: चिठ्ठी कोणती निघाली, चित्रांच्या तारखा, भेटीचे दिवस, 'दुरून' नोंदी किती. त्यानंतर बदलाचा तक्ता, आडव्या ओळींत जुना वर्ग आणि उभ्या रकान्यांत आताचा. रस्त्यापासूनच्या अंतराचा आलेख वेगळा काढा, कारण मुख्य निष्कर्ष त्यातच असतो. मग एखादा थांबा सविस्तर, फोटोसह, दोन्ही काळांतला. विवेचनात कारणे लिहाल तेव्हा कारण मुलाखतीतून कळले की तुमचा अंदाज आहे, हे प्रत्येक ठिकाणी सांगा. मर्यादांच्या भागात 'वेळ कमी होता' हे चालत नाही. किती बिंदूंवर दोन सोबत्यांनी वेगवेगळे वर्ग लिहिले, तो आकडा द्या. त्यासाठी पहिल्या दिवशी तीन थांब्यांवर दोघांनी एकमेकांना न दाखवता नोंदी कराव्यात. अठरापैकी चार-पाच नोंदी जुळल्या नाहीत, तर वर्गांच्या व्याख्या पुन्हा लिहून मगच चौथ्या थांब्याकडे निघावे.