कंपनीचा मुखत्यार नेमताना: कोर्ट आणि कराच्या कामासाठी संचालक मंडळाचा ठराव कसा लिहावा

चाकणजवळची एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी डोळ्यासमोर आणा. संचालक दोन, कंपनी सचिव नाही, शिक्का नाही. एका ग्राहकाकडे १८ लाख रुपये अडकले आहेत आणि जीएसटी खात्याकडून ७ लाखांच्या कराबद्दल कारणे दाखवा नोटीस आली आहे. दोन्ही कामे लेखा व्यवस्थापकाकडे द्यायची आहेत. अशा वेळी बहुतेक जण तयार नमुना उचलतात आणि त्यात लिहितात, ‘कंपनीच्या वतीने सर्व कामे करण्याचे अधिकार’. माझ्या मते धोका याच वाक्यात आहे. माणसाला नेमके काय करता येईल हे त्यातून कळत नाही आणि कुठे थांबायचे हेही कळत नाही.

आधी माणूस निवडा. कोर्टात मुखत्यार अर्ज, प्रतिज्ञापत्रे आणि वकीलपत्रावर सही करू शकतो. पण ज्या व्यवहाराची त्याला स्वतः माहिती नाही, त्याबद्दल त्याला साक्ष देता येत नाही. चेक न वटल्याच्या तक्रारींबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ए. सी. नारायणन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात हेच सांगितले. मुखत्यारपत्रात स्पष्ट मुभा नसेल तर मुखत्याराला आपले अधिकार पुढे दुसऱ्याला देता येत नाहीत, हेही त्याच निकालात आहे. म्हणून ज्याने बिले पाठवली, तगादा लावला, तोच माणूस निवडावा. युक्तिवाद मात्र वकीलच करतील.

मग बैठक घ्या. साधारणपणे सात दिवसांची नोटीस द्यावी लागते. गणपूर्तीसाठी किमान दोन संचालक हवेत, म्हणजे इथे दोघेही. इतिवृत्त ३० दिवसांच्या आत नोंदवहीत चढवावे. मुखत्यारपत्र ठरावाच्या आधारावर उभे असते, त्यामुळे त्याची तारीख ठरावाच्या आधीची असू नये. दावा आधीच दाखल झाला असेल तर मागची तारीख टाकू नका. आधीच्या कृतींना मान्यता देणारा ठराव उघडपणे करा. कोर्टे अशी मान्यता ग्राह्य धरतात, पण खोटी तारीख उलटतपासणीत उघडी पडते.

ठरावाचा मजकूर आमच्या उदाहरणात असा होईल:

‘असे ठरले की, कंपनीचे लेखा व्यवस्थापक श्री. ____ यांना पुढील दोन प्रकरणांपुरतेच मुखत्यार नेमण्यात येत आहे: (अ) ____ यांच्याकडील १८ लाख रुपयांच्या वसुलीचा दावा व त्यापूर्वीची मध्यस्थी, (ब) जीएसटी नोटीस क्र. ____ दि. ____. त्यांना वकील नेमणे, कागदपत्रांवर सही करणे, उत्तर देणे आणि सुनावणीस हजर राहणे हे अधिकार असतील. मंडळाच्या लेखी मंजुरीशिवाय ते १५ लाखांपेक्षा कमी रकमेवर तडजोड करणार नाहीत, दावा वा अपील मागे घेणार नाहीत, कराची मागणी कबूल करणार नाहीत वा भरणार नाहीत, आणि अधिकार दुसऱ्यास देणार नाहीत. ही नेमणूक दि. ____ पर्यंत किंवा त्यांची नोकरी संपेपर्यंत, जे आधी होईल तोपर्यंत, राहील.’

१५ लाखांचा आकडा मुद्दाम घातला आहे. व्यापारी दाव्यात तातडीचा आदेश मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची असते. तिथे बसलेल्या माणसाला तडजोडीचा अधिकारच नसेल तर प्रत्येक बैठक ‘विचारून सांगतो’वर संपेल. उलट, मर्यादा नसेल तर तो घाईत १० लाखांवर सही करून येऊ शकतो, आणि मध्यस्थीतल्या तडजोडीला लवादाच्या निवाड्याइतके बळ असते.

करापुरती एक वेगळी अडचण आहे. कागदावर मुखत्यारपत्र असले तरी जीएसटी पोर्टलवर उत्तर टाकायला नोंदलेला अधिकृत स्वाक्षरीकर्ता आणि त्याची डिजिटल सही लागते. म्हणून ठरावाची प्रत जोडून त्या माणसाचे नाव पोर्टलवर चढवा, नाहीतर उत्तर नोंदलेल्या संचालकाच्या सहीने द्या. प्राप्तिकराचे विवरणपत्रही भारतीय कंपनीच्या बाबतीत व्यवस्थापकीय संचालकाने, तो नसेल तर दुसऱ्या संचालकाने पडताळायचे असते. ते काम या ठरावात घुसवू नका.

शेवटी मुखत्यारपत्र करा. शिक्का आणि सचिव नसलेल्या कंपनीत त्यावर दोन संचालकांच्या सह्या घ्याव्यात. योग्य मुद्रांकावर, नोटरीसमोर सही झाली की कोर्ट ते रीतसर झाल्याचे गृहीत धरते. सोबत ठरावाची प्रमाणित प्रत ठेवा. मूळ नोंदवही मागितली जाऊ शकते, म्हणून तिच्यातला आणि प्रतीतला मजकूर शब्दशः जुळतो का ते तपासा.

हा माणूस नोकरी सोडून गेला तर त्याच आठवड्यात रद्द करण्याचा ठराव करा, त्याला, वकिलांना आणि समोरच्या पक्षाला लेखी कळवा, कोर्टात तसा अर्ज द्या आणि पोर्टलवरून त्याचे नाव काढा.