ईएलएमध्ये अक्षरं चमकली म्हणून फोटो खोटा ठरत नाही

ईएलए, म्हणजे एरर लेव्हल अ‍ॅनालिसिस, हे फोटोतली छेडछाड शोधायचं तंत्र. ते फोटो ठरावीक दर्जावर, समजा ९५ वर, पुन्हा जेपीईजीमध्ये सेव्ह करतं आणि दोन्हींतला फरक उजळून दाखवतं. म्हणजे चमकणारा भाग इतकंच सांगतो, की इथले पिक्सेल जास्त बदलले. पांढऱ्या भिंतीवरच्या पाटीची लाल अक्षरं अस्सल फोटोतही झळकतात, कारण फाइल दाबून लहान करताना ठळक कडा जास्त बिघडतात. सपाट भिंत काळीच राहते.

म्हणून तुलना सारख्याशीच करा:

१. संशयित अक्षराशेजारी त्याच रंगाचं, जाडीचं दुसरं अक्षर बघा.
२. दोन्ही सारखी उजळ असतील तर त्या चमकेला अर्थ नाही.
३. एकच अक्षर वेगळं दिसलं, तर मूळ फाइल मागवा.

सावधान: फोटो फॉरवर्ड होताना पुन्हा दाबला गेला असेल, तर खरी छेडछाडही सहसा पुसट होते. त्यामुळे सगळं काळं दिसलं तरी फोटो अस्सल समजू नका.