गंजलेल्या पाइपांसाठी सोसायटीला पत्र देताय? या चुका टाळा

मी सहा वर्षं आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. बिल्डिंग १९९४ची, चार मजली, पाइप सगळे जीआयचे, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचे. त्या काळात तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकांचं पत्र आलं: ‘पाणी लाल येते. चार वेळा तोंडी सांगितले. लोखंडी पाइप काढून प्लास्टिकचे टाकावेत.’ कमिटीने काय केलं? टाकी धुवून घेतली. आठवड्याने पाणी पुन्हा लाल. चूक आमची होतीच, पण दोष टाकीत नसून पाइपात आहे हे पत्रातून कळतच नव्हतं.

ते कळण्यासाठी तीन बाटल्या पुरतात. एक महापालिकेची लाइन खालच्या टाकीत पडते तिथली, दुसरी गच्चीवरच्या टाकीतली, तिसरी सकाळी उठल्या उठल्या स्वयंपाकघरातल्या नळाची. काकांच्या पहिल्या दोन बाटल्या स्वच्छ होत्या. तिसरी कोऱ्या चहासारखी, आणि दोन बादल्या वाहून गेल्यावर नळाचं पाणीही स्वच्छ. म्हणजे रात्रभर पाइपात थांबलेल्या पाण्यात गंज उतरत होता. पहिल्याच बाटलीत लाली असती तर तक्रार महापालिकेकडे जायला हवी होती. फक्त गरम पाणी लाल येत असेल तर आधी गीझर उघडून बघा.

‘प्रेशर नाही’ असं मोघम लिहू नका. नळाच्या तोंडाची जाळी साफ करा, मग दहा लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजा. काकांना ३ मिनिटं २० सेकंद लागली. त्याच मजल्यावर, पण दुसऱ्या डाउनटेकवर, म्हणजे गच्चीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या दुसऱ्या उभ्या लाइनवर असलेल्या शेजाऱ्यांना एक मिनिट. तुलना त्याच मजल्यावरच्या घराशी करायची, कारण सगळ्यात वरच्या मजल्याचा नळ टाकीच्या तळापासून जेमतेम दोन-तीन मीटर खाली असतो. तिथे नवे पाइप टाकूनही धार बेताचीच राहू शकते. पत्रात ‘धार वाढेल’ असं वचन दिलंत तर पुढे तेच लोक तुम्हाला धरतील.

‘गळतं तेवढा तुकडा बदला’ ही मागणीही अर्धवट. जीआय पाइपावर जस्ताचा थर असतो, पण आटे पाडताना तो कापला जातो, म्हणून गंज बहुतेक वेळा सॉकेट आणि एल्बोपाशी आधी धरतो. एक तुकडा नवा टाकला तरी वरच्या जुन्या लाइनचा गंज त्यातूनच खाली येणार. क्लॅम्प मारण्यावर गेल्या दोन वर्षांत किती खर्च झाला, तो आकडा सोसायटीच्या हिशोबातून मागून घ्या आणि पत्रात लिहा. कमिटीला हीच भाषा लवकर कळते.

आता ‘प्लास्टिक’. हा शब्द पत्रात नकोच. गार पाण्याच्या डाउनटेकला यूपीव्हीसी चालतो आणि तो स्वस्तही पडतो. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी लागतो, तोही थेट गीझरला न जोडता मधे धातूची जोडणी ठेवून. दोन्हींना ऊन सोसत नाही, म्हणून गच्चीवरचा पाइप रंगवून झाकण्याचं काम कोटेशनमध्येच धरायला सांगा.

सगळ्यात महाग पडणारी चूक मापाची. अर्धा इंची जीआय पाइपाची आतली पोकळी सुमारे १६ मिलिमीटर असते, तर एसडीआर ११च्या, म्हणजे बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या अकरा पट असलेल्या अर्धा इंची सीपीव्हीसीची सुमारे १२.५. म्हणजे पाणी जायची जागा जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी. ‘होत्या त्याच मापाचे पाइप’ असं लिहिलंत तर प्लंबर तेच टाकेल. त्याऐवजी ‘आतली पोकळी जुन्या पाइपाइतकी राहील असे माप’ असं लिहा.

उरला पैशांचा प्रश्न. बाहेरच्या सामायिक लाइन सोसायटीने बदलायच्या, घरातल्या लाइन सभासदाने आपल्या खर्चाने. दोन्हींची सरमिसळ झाली की पत्र बाजूला पडतं. ‘सिंकिंग फंड वापरा’ असं लिहिणंही सोपं आहे, पण मोठ्या दुरुस्तीसाठी त्याला हात लावायचा तर आर्किटेक्टचा दाखला आणि सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. म्हणून कमिटीकडे थेट पाइप मागू नका. काकांचं दुसरं पत्र असं होतं:

‘पूर्वेकडील डाउनटेकची प्लंबरकडून पाहणी करून घ्यावी, जुन्या पाइपाइतक्या पोकळीच्या यूपीव्हीसीची तीन कोटेशने मागवावीत व विषय येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत घ्यावा. तीन नमुन्यांचे फोटो व बादलीच्या वेळा सोबत जोडल्या आहेत. पोच द्यावी.’

पाहणीच्या वेळी प्लंबरने कापलेला फूटभर तुकडा काकांनी भंगारात जाऊ दिला नाही. सभेत तो टेबलावर ठेवला. पाइप एक इंची, पण आत पेन्सिल अडकत होती. खर्चाला सगळ्यात मोठा विरोध करणाऱ्या तळमजल्यावरच्या आजोबांनी तो उचलून एका डोळ्याने आरपार बघायचा प्रयत्न केला आणि विचारलं, “पश्चिमेकडची लाइनपण अशीच असणार ना?”